कान टोचताना रक्त थांबलं, मग गुडघ्यात का साठतं?

*डॉक्टर मॅडम, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. चालायला लागल्यापासून तीनदा त्याचा उजवा गुडघा सुजला. तालुक्याच्या लॅबमध्ये बीटी-सीटी केलं, दोन्ही नॉर्मल. ‘रक्तात दोष नाही, मुका मार आहे,’ असं सांगितलं. मालीशही करून झाली. तिसऱ्या वेळी पुण्याला नेलं तेव्हा हिमोफिलिया ए निघाला, फॅक्टर आठ २ टक्के. मग आधीचा रिपोर्ट खोटा होता का? बाराव्या दिवशी कान टोचले तेव्हा थेंबभर रक्त आलं आणि थांबलं. मग गुडघ्यात कसं साठतं? सासूबाई म्हणतात, आमच्या सात पिढ्यांत असं नाही, हे तुझ्याकडून आलं. माझ्या आईचा भाऊ लहानपणापासून लंगडायचा, सगळे वात म्हणायचे. एकोणिसाव्या वर्षी दाढ काढल्यावर रक्त थांबेना आणि तो गेला. मला सहा वर्षांची मुलगीही आहे. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. या दोघींचं काय?*
*— एक आई, सांगोला*

ताई, तुमच्या तालुक्याच्या लॅबचा रिपोर्ट खोटा नव्हता. त्यांनी जे मोजलं ते तुमच्या मुलात खरोखरच ठीक आहे. चूक झाली ती त्या कागदावरून ‘रक्तात दोष नाही’ असं म्हणण्यात.

शेतात पाटाला भगदाड पडलं की माणसं काय करतात ते तुम्ही पाहिलं असेल. आधी हाताला येतील ते दगड, वाळूची पोती टाकून पाणी अडवतात. पाणी थांबल्यासारखं दिसतं. पण मग त्या दगडांच्या फटींत चिखल-माती थापून, तुडवून ते पक्कं करावं लागतं. ते राहिलं तर रात्रीच्या पाळीचं पाणी जोरात आलं की दगडांसकट सगळं वाहून जातं.

रक्तवाहिनी फाटली की शरीर याच क्रमानं काम करतं. आधी प्लेटलेट धावतात, फाटलेल्या जागी चिकटतात, एकमेकींना चिकटतात आणि दोन-चार मिनिटांत बूच बसवतात. हे झाले दगड. मग रक्तातले फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, एकामागून एक जागे होतात आणि शेवटी फायब्रिन नावाच्या चिवट धाग्यांचं जाळं त्या बुचाभोवती विणलं जातं. हे झालं चिखल-माती थापणं. तुमच्या मुलाच्या प्लेटलेट भरपूर आहेत आणि उत्तम चालतात. कमी आहे ती माती.

बीटी म्हणजे ब्लीडिंग टाइम. कानाच्या पाळीला किंवा बोटाला बारीक टोचायचं, दर अर्ध्या मिनिटानं टिपकागद हलकेच लावायचा, कागदावर लाल ठिपका उमटायचा थांबला की वेळ लिहायची. एवढीच ती चाचणी. जखम इतकी छोटी असते की प्लेटलेटचं बूच बसलं की काम झालं, जाळ्याची वाट पाहावीच लागत नाही. म्हणून प्लेटलेटचा आजार असेल तर बीटी लांबतो, हिमोफिलियात तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. बाराव्या दिवशी कान टोचले तेव्हाही हेच झालं. ती सुद्धा एक ब्लीडिंग टाइमच होती म्हणा ना.

सीटी, म्हणजे क्लॉटिंग टाइम, तरी वाढायला हवा होता, असं तुम्हाला वाटेल. पण बोटाच्या रक्तावर केलेली ही जुनी चाचणी फार ढोबळ आहे. फॅक्टर जवळजवळ संपलेला असेल तेव्हाच ती लांबते, निरोगी माणसाच्या एक-दोन टक्के जरी उरला असेल तरी नॉर्मल येऊ शकते. तुमच्या मुलात २ टक्के आहे.

हे मी एका रात्री शिकले, तेव्हा मी नुकती शिकाऊ डॉक्टर होते. सात वर्षांचा एक मुलगा टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी दाखल होता. बीटी मीच केला होता. टिपकागदावर चार ठिपके उमटले, पाचवा नाही. मी समाधानानं वेळ लिहिली. ऑपरेशन छान झालं, संध्याकाळपर्यंत थेंबभर रक्त नाही. मध्यरात्रीनंतर त्याची आई मला बोलवायला आली. म्हणाली, पोरगं झोपेत सारखं गिळतंय. टॉर्च लावून घशात पाहिलं तर मागच्या बाजूनं रक्ताची बारीक धार उतरत होती आणि ते तो झोपेतच गिळत होता. बूच बसलं होतं, जाळं विणलं गेलं नव्हतं, सात-आठ तासांनी बूच निसटलं. पोर वाचलं. त्या रात्री पहाटे त्याच्या आजीनं सांगितलं की तिचा एक मुलगा सुंतेनंतर गेला होता. हे आम्ही आधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी बीटी-सीटीच्या आधी आजोळची चौकशी करते. उशिरा सुरू होणारा, थांबून पुन्हा सुरू होणारा रक्तस्राव ही हिमोफिलियाची खूण आहे. तुमच्या मामांची दाढ काढल्यावरही बहुधा असंच झालं असणार, खुर्चीवरून उठताना सगळं ठीक आणि घरी आल्यावर तोंड रक्तानं भरलेलं.

आता फॅक्टर आठ म्हणजे नेमकं काय कमी आहे ते सांगते, कारण गुडघ्याचं उत्तर त्यातच आहे.

रक्त गोठण्याची ठिणगी पडते ती टिश्यू फॅक्टर नावाच्या पदार्थानं. तो रक्तात नसतो, रक्तवाहिनीच्या बाहेरच्या पेशींवर असतो. वाहिनी फाटून रक्त त्याला लागलं की फॅक्टर सात जागा होतो आणि थोडंसं थ्रॉम्बिन तयार होतं. थ्रॉम्बिन फायब्रिनचे धागे बनवतं. पण ही ठिणगी शरीर लगेच विझवतं, त्यासाठी वेगळं प्रथिनच आहे, नाहीतर साध्या खरचटण्यानं अंगभर रक्त गोठलं असतं. ठिणगी विझायच्या आत आग धरायला लागते, आणि ते काम फॅक्टर आठ आणि फॅक्टर नऊ ही जोडी करते. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर दोघं एकत्र बसतात. नऊ कापायचं काम करतो, आठ त्याला धरून नीट जागेवर ठेवतो, आणि दोघं मिळून थ्रॉम्बिनचा मोठा लोंढा घडवून आणतात. दाट, चिवट जाळं या लोंढ्यामुळेच विणलं जातं. जोडीतला एकही नसला तरी काम अडतं. आठ कमी असेल तर हिमोफिलिया ए, नऊ कमी असेल तर हिमोफिलिया बी. दोन्हींची मुलं समोर उभी केली तर नुसतं पाहून कोणता आजार कोणाला हे कोणालाच सांगता येणार नाही. १९४० च्या दशकात अर्जेंटिनातल्या पाव्हलोव्स्की यांच्या प्रयोगशाळेत दोन हिमोफिलियाग्रस्तांचं रक्त एकमेकांत मिसळलं तर ते नीट गोठलं, तेव्हा कुठे हे दोन वेगळे आजार असावेत असा संशय आला. बी प्रकाराला ‘ख्रिसमस डिसीज’ म्हणतात, पण त्याचा नाताळाशी संबंध नाही. १९५२ साली इंग्लंडमध्ये ज्यांचा अभ्यास झाला त्या रुग्णांतल्या पहिल्या लहान मुलाचं आडनाव ख्रिसमस होतं.

तर मग गुडघाच का? कातडीत टिश्यू फॅक्टर ठासून भरलेला असतो. तिथे ठिणगीच इतकी मोठी पडते की आठ-नऊच्या जोडीवाचून थोडंफार भागतं. शिवाय बाहेरून बोटानं दाबताही येतं. सांध्याच्या आतलं अस्तर याच्या अगदी उलट आहे. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, टिश्यू फॅक्टर अगदी कमी, आणि ठिणगी विझवणारं प्रथिन मात्र भरपूर. म्हणजे या जागेला आठ-नऊच्या जोडीचाच आधार, आणि तुमच्या मुलात नेमकी तीच जोडी लंगडी आहे. त्यात गुडघा, घोटा, कोपर हे बिजागरीसारखे सांधे. पळताना अस्तराची घडी हाडांच्या मध्ये चिमटीत सापडते, एखादी बारीक वाहिनी तुटते. बूच बसतं, पण पाय हलत राहतो आणि बूच निघतं. जे विरळ जाळं बनलं असेल तेही लवकर विरघळतं, कारण जाळ्याला विरघळण्यापासून जपणारी यंत्रणाही थ्रॉम्बिनच्या लोंढ्यानंच चालू होते. सांधा म्हणजे रिकामी पिशवी, आतून दाब देणारं काही नाही. ती ताठ भरेपर्यंत रक्त झिरपत राहतं. खांदा आणि खुबा जाड स्नायूंच्या आवरणात असतात, तिथे हे कमी घडतं.

पुण्याच्या ज्या रिपोर्टची प्रत तुम्ही पाठवली आहे त्यात हे सगळं दिसतं. प्लेटलेट ३ लाख १० हजार, म्हणजे उत्तम. पीटी आणि एपीटीटी या दोन चाचण्या नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ मोजतात. पीटी १३ सेकंद, नॉर्मल. एपीटीटी ८४ सेकंद, जिथे नॉर्मल ३० च्या आसपास हवं. पीटीच्या नळीत प्रयोगशाळा स्वतःच भरपूर टिश्यू फॅक्टर घालते, म्हणून तिथे आठ-नऊची उणीव झाकली जाते, अगदी कातडीसारखी. एपीटीटीच्या नळीत तो घालत नाहीत, म्हणून उणीव उघडी पडते. पुढच्या ओळीत त्यांनी तुमच्या मुलाचा प्लाझ्मा निरोगी माणसाच्या प्लाझ्मात निम्मा-निम्मा मिसळून पाहिला आहे. वेळ ३५ सेकंदांवर आली. याचा अर्थ काहीतरी कमी आहे आणि ते बाहेरून मिळालं की काम भागतं. वेळ कमी झाली नसती तर फॅक्टरला मारणारी प्रतिपिंडं आहेत का, ते शोधावं लागलं असतं. मग एकेक फॅक्टर मोजला आणि आठ २ टक्के निघाला. एकाच गोष्टीची खात्री करून घ्या. फॅक्टर आठ रक्तात ज्या प्रथिनाच्या खांद्यावर बसून फिरतो, ते व्हॉन विलेब्रँड प्रथिन कमी असलं तरी आठ कमी दिसतो, आणि तो आजार वेगळा, उपचारही वेगळा. तुमच्या मुलाचा बीटी नॉर्मल आहे आणि आजोळी फक्त पुरुषांना त्रास झाला आहे, त्यामुळे मला त्याची शंका वाटत नाही. तरी ती तपासणी झालेली नसेल तर पुढच्या वेळी करून घ्या.

१ टक्क्यापेक्षा कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ मध्यम, ५ ते ४० सौम्य. तुमचा मुलगा मध्यम गटात आहे. या गटात बहुतेक वेळा काहीतरी निमित्त लागतं, पण सव्वादोन वर्षांच्या पोराला पडायचं निमित्त दिवसातून दहा वेळा मिळतं. एकाच गुडघ्यात तीनदा रक्त आलं याची मला काळजी वाटते. साठलेल्या रक्तातलं लोह अस्तरात मुरतं, अस्तर सुजतं, त्यात नव्या नाजूक वाहिन्या उगवतात आणि त्या आणखी सहज फुटतात. सहा महिन्यांत एकाच सांध्यात आपोआप तीनदा रक्तस्राव झाला तर त्याला आम्ही ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतो. अशा सांध्याची कूर्चा झिजत जाते आणि गुडघा वाकडा राहतो. तुमच्या मामांचा वात बहुधा हाच होता.

म्हणून सूज दिसायची वाट पाहू नका. मोठी मुलं सांध्यात मुंग्या किंवा गरमपणा जाणवतो असं सांगतात. तुमचं बाळ ते सांगणार नाही, पण ते त्या पायावर भार द्यायचं टाळेल, कडेवरून उतरायला नको म्हणेल, लंगोट बदलताना पाय सरळ करू देणार नाही. तेवढं दिसलं की आधी फॅक्टर द्यायचा, मग एक्स-रे. हिशोब असा असतो: फॅक्टर आठचं एक युनिट दर किलो वजनाला दिलं की पातळी २ टक्क्यांनी वाढते. बाळ ११ किलोचं आहे आणि पातळी ४० पर्यंत न्यायची आहे, तर ११ गुणिले ४०, भागिले २, म्हणजे २२० युनिट. म्हणजे २५० ची एक बाटली. हाच हिमोफिलिया बी असता तर एका युनिटानं साधारण १ टक्काच वाढ होते, म्हणून दुप्पट लागलं असतं, आणि फॅक्टर आठ देऊन तर काहीच उपयोग झाला नसता. म्हणून बाळाच्या कार्डावर नुसतं ‘हिमोफिलिया’ नको, ‘ए, फॅक्टर आठ, २ टक्के’ असं ठळक लिहून घ्या. किती पातळी गाठायची आणि किती वेळा द्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. दिलेला फॅक्टर ८ ते १२ तासांत निम्मा होतो, हे मात्र तुम्ही लक्षात ठेवा. ‘सकाळी दिला होता की’ म्हणून रात्री गाफील राहायचं नाही. नियमित फॅक्टर सुरू करायचा का, हे या गुडघ्यासाठी त्यांना आत्ताच विचारा.

मालीश पूर्ण बंद. शेकही नको, कापडात गुंडाळलेला बर्फ आणि पाय उशीवर. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, कारण ती प्लेटलेटचं काम मंदावतात. माती आधीच कमी आहे, दगडही काढून घेतल्यासारखं होईल. दंडात-कुल्ल्यात इंजेक्शन नको. लसी चुकवायच्या नाहीत, पण बारीक सुईनं, कातडीखाली देता येते का ते विचारून, आणि नंतर दहा मिनिटं दाबून धरायचं. डोक्याला मार लागला तर बाळ हसत-खेळत असलं तरी आधी फॅक्टर, मग स्कॅन.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल. फॅक्टर आठ आणि नऊ, दोन्हींची कृती एक्स गुणसूत्रावर लिहिलेली असते. बाईला एक्स दोन, पुरुषाला एक. मुलग्याला वडिलांकडून वाय मिळतो, एक्स आईकडूनच येतो. तेव्हा बिघडलेला एक्स तुमच्याकडून आला हे खरं आहे, जसे कदाचित त्याचे डोळेही तुमच्याकडून आले असतील. तो तुम्ही निवडला नाही आणि तुम्हाला तो आहे हे कळायला काही मार्गही नव्हता, कारण तुमचा दुसरा एक्स चांगला आहे. आणि ‘सात पिढ्यांत नाही’ याला इथे फारसा अर्थ नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल त्या कुटुंबात नव्यानं झालेला असतो, मागे कोणालाच काही नसतं. तुमच्या बाबतीत मात्र मामांमुळे धागा स्पष्ट आहे. आजीकडून मामांकडे आणि तुमच्या आईकडे, आईकडून तुमच्याकडे. तुमची आई आणि तुम्ही दोघी वाहक आहात, म्हणजे एक एक्स बिघडलेला आणि एक चांगला, हे चाचणीशिवायही सांगता येतं.

पुढच्या प्रत्येक गरोदरपणात मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. पहिल्याला झाला म्हणून दुसऱ्याला होणार नाही असं नाही, दर वेळी नाणं नव्यानं उडतं. तुमच्या लेकीची शक्यताही निम्मी. तिचा फॅक्टर आठ आत्ताच मोजून घ्या. वाहक बायकांत तो सरासरी निम्म्याच्या आसपास असतो, पण बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी जातो, आणि कोणत्या पेशीत कोणता झोपी जाईल हे योगायोगावर असल्यामुळे काहींचा ३०-३५ टक्केही भरतो. अशा मुलींना पाळीत फार रक्त जातं, दात काढताना किंवा बाळंतपणात त्रास होतो. पण पातळी नॉर्मल आली म्हणजे ती वाहक नाही असं समजू नका. ते फक्त जनुक तपासणीच सांगते, आणि ती तिला समज आल्यावर तिच्या संमतीनं झालेली बरी.

तुमच्या मुलाचं पुढे लग्न होईल तेव्हा त्याच्या मुलग्यांना हा आजार होणार नाही, कारण तो त्यांना वाय देईल. मुली मात्र सगळ्या वाहक असतील. तुमच्या भागात भाचीशी लग्न करण्याची रीत अजून काही घरांत आहे म्हणून आत्ताच सांगते. त्याच्या बहिणीची मुलगी वाहक असू शकते. दोघांचा बिघडलेला एक्स एकत्र आला तर मुलीलाही पूर्ण हिमोफिलिया होऊ शकतो.

धाकटी बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. तिनं तपासणी दिवस राहायच्या आधी करावी, कारण गरोदरपणात फॅक्टर आठ आपोआप वाढतो आणि नुसती पातळी पाहिली तर फसायला होतं. ती वाहक निघाली तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन बाळाची तपासणी करता येते. गर्भलिंग तपासणीला बंदी असली तरी कायद्यानं अशा लिंगसंलग्न आजारांच्या निदानाला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे. तपासणी करायची की नाही हा निर्णय तिचा आणि तिच्या नवऱ्याचा. ती नको म्हणाली तरी वाहक असल्याचं बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळलं पाहिजे, म्हणजे बाळ चिमट्यानं किंवा व्हॅक्यूमनं ओढून काढणार नाहीत आणि नाळेच्या रक्तातूनच फॅक्टर मोजला जाईल.

मात्र बहिणीला एकटीला लॅबमध्ये पाठवू नका. फॅक्टर आठच्या लांबलचक जनुकात बिघाड नेमका कुठे आहे, हे आधी आजारी माणसाच्या रक्तात शोधतात आणि मग तोच बिघाड बाकीच्यांत आहे का ते पाहतात. मामा आता नाहीत. म्हणून पहिलं रक्त तुमच्या मुलाचं जाईल, त्याचा निकाल आला की तुमचं आणि मग बहिणीचं. या साखळीला काही आठवडे जातात. पुण्याच्या डॉक्टरांकडे पुढच्या तारखेला जाल तेव्हा मुलाचं रक्त त्याच दिवशी देऊन या.